पाळीच्या पहिल्या दिवशी पोट का बिघडतं?

पाळी सुरू होण्याच्या आदल्या रात्री किंवा पहिल्या दिवशी सकाळी पोटात मुरडा येतो, तीन-चार वेळा पातळ शौचाला होतं, त्यातच ओटीपोट दुखत असतं आणि कंबर धरलेली असते. हे अनेकींच्या बाबतीत दर महिन्याला होतं. तरीही दोष बहुतेक वेळा आदल्या दिवशीच्या खाण्यावर जातो. पाणीपुरी बाधली, बाहेरचं पाणी प्यायलं, पोटाला गारवा लागला असं म्हणून विषय संपतो. पण खाणं बाधलं असतं तर ते महिन्यातल्या कुठल्याही दिवशी बाधलं असतं. ते नेमकं पाळीच्या तारखेलाच बाधत असेल, तर कारण ताटात नसून शरीरात चाललेल्या घडामोडीत आहे.

पाळीत पोट दुखतं हे आता घरात निदान आई-बहिणीपाशी तरी बोललं जातं. जुलाबाबद्दल मात्र मैत्रिणींतही कुणी बोलत नाही. डॉक्टरांपुढे ‘पोट दुखतं’ एवढंच सांगितलं जातं आणि डॉक्टरही पुढचं विचारत नाहीत. यामुळे नुकसान होतं, कारण कळा आणि जुलाब यांचं मूळ बहुतांशी एकच आहे. ते नीट कळलं की दोन्हींवरचा उपायही पुष्कळसा एकच आहे, हे लक्षात येतं.

पाळीच्या आधीचे दोन आठवडे काय घडतं तिथून सुरुवात करू. अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडलं की मागे उरलेला भाग प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करू लागतो. गर्भ राहिलाच, तर गर्भाशयाने शांत राहावं, आकुंचन पावू नये, म्हणून प्रोजेस्टेरॉन तिथल्या स्नायूंना सैल ठेवतं. गर्भाशयाचे स्नायू आणि आतड्याच्या भिंतीतले स्नायू एकाच जातीचे असतात. ते आपल्या इच्छेवर चालत नाहीत, आपोआप काम करतात. म्हणून प्रोजेस्टेरॉनचा सैलपणा आतड्यालाही जाणवतो. आतड्याची हालचाल मंदावते, मळ जास्त वेळ आत राहतो आणि त्यातलं पाणी शोषलं जाऊन तो घट्ट होतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पोट फुगणं, गॅस होणं, पोट साफ न होणं या तक्रारी यातूनच येतात. गरोदरपणात बद्धकोष्ठाचा त्रास इतका वाढतो त्यालाही हेच संप्रेरक कारण असतं, कारण त्या काळात त्याचं प्रमाण महिनोन्‌महिने चढलेलं राहतं.

गर्भ राहिला नाही तर पाळीच्या दोन-तीन दिवस आधी प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं. स्नायूंवरचा लगाम सुटतो. त्याच वेळी, या उतरण्यामुळेच, गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं मोठ्या प्रमाणात तयार करू लागतात. कळा आणि जुलाब या दोन्हींचं मूळ या रसायनांत आहे.

प्रोस्टाग्लँडिन हे रक्तातून लांबवर धावणारं संप्रेरक नाही. ते जिथे तयार होतं तिथेच किंवा आसपास काम करतं आणि लवकर नष्ट होतं. गर्भाशयात त्याचं काम अस्तर बाहेर टाकण्याचं. त्यासाठी ते गर्भाशयाच्या स्नायूंना जोरात आवळायला लावतं आणि तिथल्या रक्तवाहिन्याही आकसतात. स्नायू आवळलेला आणि त्याला रक्त कमी, यातून जी वेदना उठते तीच पाळीची कळ. हे रसायन जेवढं जास्त तयार होतं, तेवढी कळ जास्त. पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारा पदार्थ असतो हे पिकल्स या ब्रिटिश संशोधकाने 1957 मध्ये दाखवलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं अशा वेदनेला ‘मनाचं’ म्हणून हातावेगळं केलं जाई, आणि अजूनही कुठे कुठे केलं जातं.

हे रसायन आतड्यापर्यंतही पोचतं. गर्भाशयाच्या अगदी मागे गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग असतो, आणि आतड्याची इतर वळणंही जवळच असतात. काही प्रोस्टाग्लँडिन रक्तातही उतरतं. आतड्यात गेल्यावर ते दोन गोष्टी करतं. स्नायूंना आकुंचन पावायला लावतं, त्यामुळे मळ वेगाने पुढे ढकलला जातो आणि मुरडा येतो. शिवाय आतड्याच्या अस्तरातून पाणी आणि क्षार आत सुटतात. घाईने पुढे सरकलेल्या मळातलं पाणी शोषायला वेळच मिळत नाही, वर आणखी पाणी मिसळलेलं असतं, म्हणून शौचाला पातळ होतं. मळमळ, डोकं दुखणं, अंगावर शिरशिरी येणं हेही त्याच दिवशी होतं ते या रसायनांमुळेच.

हे खरं कशावरून, असं कुणी विचारलं तर औषधांचाच दाखला देता येतो. मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनसारखं बनवलेलं औषध आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी गर्भाशय आवळावं म्हणून ते देतात, आणि जठरातल्या व्रणासाठीही ते वापरलं गेलं आहे. कारण कोणतंही असो, ते घेतल्यावर ज्या तक्रारी हमखास येतात त्यात ओटीपोटातल्या कळा आणि जुलाब सर्वांत पुढे असतात. म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवशी जी जोडी दिसते तीच.

आता आपल्या घरातल्या एका सवयीबद्दल सांगायलाच हवं, कारण मला तिची काळजी वाटते. पाळीच्या आधीच्या दिवसांत पोट साफ होत नाही म्हणून अनेक घरांत मुलीला एरंडेल देतात. ‘एकदा पोट साफ झालं की बरं वाटेल’ हा हेतू चांगलाच असतो. पण एरंडेलाचं आतड्यात विघटन होऊन रिसिनोलिक आम्ल तयार होतं. जर्मनीतल्या संशोधकांनी 2012 मध्ये उंदरांवर दाखवलं की हे आम्ल आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरच्या प्रोस्टाग्लँडिनच्याच एका ग्राहकाला, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी चिकटून ते रसायन काम करतं त्या जागेला, जाऊन चिकटतं. हा ग्राहक काढून टाकलेल्या उंदरांना एरंडेलाने जुलाब झाले नाहीत आणि त्यांचं गर्भाशयही आवळलं नाही. म्हणजे पाळीच्या आदल्या दिवशी एरंडेल दिलं, तर शरीर जे आपण होऊन करणार आहे त्याच वाटेवर आणखी जोर दिला जातो. सोनामुखी किंवा तिचं चूर्ण वेगळ्या रीतीने काम करतं, पण तेही आतड्याला चालनाच देतं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या जुलाबात भर पडते. पाळीआधी बद्धकोष्ठ असेल तर रात्री एक-दोन चमचे इसबगोल मोठा पेला भरून पाण्यात घ्यावा, ते बरं. इसबगोल पाणी धरून ठेवतो. मळ घट्ट असेल तर तो मऊ होतो, आणि पुढे पातळ झाला तर थोडा बांधला जातो. त्यामुळे पाळीआधीचा आठवडा आणि पाळीचे दोन दिवस असा सलग घेतला तरी चालतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, 26 वर्षांची एक मुलगी अंबरनाथहून रोज लोकलने ठाण्याला कामाला जाते. पाळी साधारण 28 दिवसांनी येते आणि या महिन्यात ती गुरुवारी अपेक्षित आहे. रविवारपासून तिचं पोट फुगलेलं, शौचाला नीट होत नाही. मंगळवारी रात्री आई एरंडेल देते. बुधवारी दोनदा पातळ होतं, पण तेवढ्याने बरं वाटत नाही. गुरुवारी पहाटे पाचला मुरडा, सहाला थोडं डागल्यासारखं, साडेसहा ते आठ या वेळात तीनदा संडास. चहा उपाशीपोटी झालेला असतो. गोळी पर्समध्ये आहे, पण ‘उगाच कशाला, सहन होतंय तोवर नको’ असं म्हणून ती तशीच निघते. गाडीत संडासाची सोय नाही ही धास्ती सबंध प्रवासभर असते. साडेअकराला कळ असह्य होते तेव्हा ती गोळी घेते. एक वाजेपर्यंत फारसा उतार नाही, म्हणून ‘गोळीचा काही उपयोग होत नाही’ असं तिचं मत होतं.

गोळी निकामी नव्हती. ती घेण्याची वेळ चुकली. पाळीच्या दुखण्यावर ज्या गोळ्या चालतात, म्हणजे आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, त्या प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याचंच काम थांबवतात. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं असं करतात हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये शोधलं, आणि 1982 चं नोबेल पारितोषिक त्यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. पण आधीच तयार होऊन बाहेर पडलेल्या प्रोस्टाग्लँडिनला या गोळ्या मागे घेऊ शकत नाहीत. पहिल्या 48 तासांत हे रसायन सर्वांत जास्त तयार होतं. म्हणून सहाला डाग दिसला, की थोडं काही खाऊन तेव्हाच गोळी घ्यायची. साडेअकरापर्यंत थांबलं तर साडेपाच तासांत तयार झालेल्या रसायनाचा जोर तसाच राहतो. ज्यांची पाळी अगदी वेळेवर येते आणि आदल्या दिवशीच पोट बिघडतं, त्यांना डॉक्टर आदल्या दिवसापासूनही सुरू करायला सांगतात.

पुढच्या महिन्यात तिने काय करावं? एरंडेल नको, त्याऐवजी रविवारपासून रात्री इसबगोल. डाग दिसताच दोन घास पोळी किंवा मऊभात खाऊन आयबुप्रोफेनची 400 मिलिग्रॅमची एक गोळी, मग आठ-आठ तासांनी, दिवसात जास्तीत जास्त तीन, असं पहिले दोन दिवस, दुखो वा न दुखो. दोन दिवसांनंतर गरज बहुधा राहत नाही. सकाळचा चहा खाण्यानंतर आणि कमी. आदल्या रात्री तळलेलं, तिखट आणि दूध नको. अशाने जुलाब पूर्ण थांबतीलच असं नाही, पण चार वेळांऐवजी एकदा-दोनदा, आणि तेही कळ कमी होऊन, असा फरक पडणं शक्य असतं. एकाच महिन्यात निष्कर्ष काढू नये, दोन-तीन पाळ्या बघाव्यात.

गोळीच्या निवडीत एक बारकावा आहे आणि जुलाब होणाऱ्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा. आपल्याकडे पाळीसाठी सर्वांत जास्त विकली जाते ती मेफेनॅमिक ॲसिड आणि डायसायक्लोमिन यांची जोडगोळी. डायसायक्लोमिन स्नायूंचा आवळा सैल करतं, त्यामुळे मुरड्याला आराम पडतो, तोंड मात्र कोरडं होतं. पण मेफेनॅमिक ॲसिडमुळे काही जणींना जुलाब होतात, हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळी घेतल्यावर कळ कमी होते पण शौचाच्या खेपा वाढतात, असं दोन महिने दिसलं तर डॉक्टरांना सांगून आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनकडे वळावं. मेफेनॅमिक ॲसिड घेतल्यावर क्वचित अंगभर पुरळ, ताप, गाठी सुजणं अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, त्याबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशनने 2023 मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. पुरळ आणि ताप दिसले तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं, मग ती घेऊन दोन-चार आठवडे झाले असले तरी. पॅरासिटामॉल यापेक्षा सौम्य आहे, पण गर्भाशयातल्या प्रोस्टाग्लँडिनवर त्याचा प्रभाव कमी, म्हणून पुष्कळदा ते पुरत नाही.

या गोळ्या सगळ्यांसाठी नाहीत. जठरात व्रण असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल, ॲस्पिरिनने दमा उसळत असेल, डेंग्यूची शंका असेल किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल तर त्या घेऊ नयेत. जुलाब खूप होऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असतानाही त्या मूत्रपिंडाला जड जातात, म्हणून गोळीबरोबर पाणी पीत राहायला हवं. दोन-तीनदा पातळ झालं तर ताक, पेज, वरणाचं पाणी, चिमूटभर मीठ घातलेलं लिंबाचं सरबत एवढं पुरतं. चार-पाचदा पाण्यासारखं झालं, तोंड कोरडं पडलं, लघवी गडद होऊ लागली तर ओआरएसची पुडी पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोट घोट घ्यावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, त्यामुळे हे माप अंदाजाने घालू नये.

शेकाबद्दल मला मनापासून सांगावंसं वाटतं, कारण त्याला ‘आजीबाईचा उपाय’ म्हणून कमी लेखलं जातं. 2001 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत ओटीपोटावर सतत ऊब देणारा पट्टा आणि आयबुप्रोफेन यांची तुलना केली, आणि पट्ट्याने गोळीइतकाच आराम दिला. ऊब स्नायू सैल करते आणि तिथला रक्तप्रवाह वाढवते. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून ओटीपोटावर किंवा कमरेवर ठेवावी. उघड्या त्वचेवर उकळतं पाणी भरलेली पिशवी ठेवून भाजल्याचे प्रकार होतात. पिशवी घेऊन झोपूही नये.

खाण्यात आपलं जुनं ज्ञान या ठिकाणी चांगलं आहे. मऊभात आणि मेतकूट, मुगाच्या डाळीची खिचडी, कोकणातली पेज, जिऱ्याची फोडणी दिलेलं ताक, केळं हे आतड्याला फार काम न लावता पोटात राहतं. सुंठीवर बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दिवसभरात पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड घेतली तर कळा कमी होतात, असं अनेक छोट्या चाचण्यांत दिसलं. दोन ग्रॅम म्हणजे साधारण एक सपाट चमचा, तो दिवसभरात तीन-चार वेळा विभागून गरम पाण्यात किंवा गुळाबरोबर घ्यावा. छातीत जळजळत असेल तर सोडून द्यावा. कॉफी मोठ्या आतड्याला थेट चालना देते. ज्यांना दूध पचत नाही त्यांना एरवी चालून जाणारं एक कप दूध या दोन दिवसांत बाधू शकतं.

जुलाब थांबवण्याची गोळी म्हणजे लोपेरामाइड. लांबचा प्रवास, परीक्षा, मुलाखत अशा दिवशी ती घेता येते, पण डॉक्टरांना एकदा विचारून, आणि ताप नसताना, शौचातून रक्त पडत नसताना. प्रोस्टाग्लँडिनला ती हात लावत नाही, आतड्याची चाल तेवढी मंदावते. म्हणून कळ तशीच राहते. दर महिन्याला आठवडाभर पोट बिघडून कामं अडत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञ संप्रेरकांच्या गोळ्या सुचवू शकतात. त्यांनी गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, अस्तर कमी म्हणून प्रोस्टाग्लँडिन कमी. त्या गोळ्यांबद्दल घरात भीती असते, पण तपासणी करून, रक्तदाब बघून, अर्धशिशी, धूम्रपान आणि रक्ताच्या गाठींचा इतिहास विचारून दिल्या तर त्या बऱ्याच जणींना मानवतात.

इथवर जे सांगितलं ते नेहमीच्या पाळीचं. ओळख अशी की त्रास पाळीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत असतो, मग थांबतो, आणि बाकी महिनाभर पोट ठीक असतं. महिन्यातल्या इतर दिवसांतही पोट दुखून कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ होत असेल आणि पाळीत ते फक्त वाढत असेल, तर ते बहुधा आयबीएस, म्हणजे आतड्याची चाल वरचेवर बिघडण्याचा जुनाट विकार, असतं आणि त्याचे उपचार महिनाभराचे असतात. ताप, घरात आणखी कुणाला जुलाब, तारखेशी संबंध नाही, असं असेल तर तो संसर्ग. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, वजन घटणं, शौचातून रक्त, पाळी चुकलेली असताना अचानक एका बाजूला तीव्र दुखणं, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये.

एका आजाराकडे विशेष लक्ष हवं, तो म्हणजे एंडोमेट्रिओसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, कधी गुदाशय आणि गर्भाशय यांच्यामधल्या जागेत, कधी आतड्यावरच. पाळीत त्यांनाही सूज येते. मग शौचाला बसल्यावर आत खोल सुरी खुपसल्यासारखं दुखतं, पाळीत कधी शौचातून रक्त जातं, संबंधांच्या वेळी दुखतं, आणि दुखणं वर्षागणिक वाढत जातं. साध्या सोनोग्राफीत ते पुष्कळदा दिसत नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ यावर थांबू नये. असं दुखणं असेल तर या आजाराचा अनुभव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं. जाण्याआधी तीन पाळ्यांची नोंद करावी. त्यात तारीख, किती वेळा शौचाला झालं, शौच करताना दुखलं का, रक्त दिसलं का, गोळी किती वाजता घेतली आणि किती तासांनी उतार पडला, एवढं असलं तरी पुरे. तपासणीत डॉक्टरांनी आपणहून विचारलं नाही, तरी हे वाक्य जसंच्या तसं सांगावं: ‘पाळीच्या दिवसांत शौच करताना दुखतं.’